पोर्टलवरचं नाव आणि कॉलेजला दिलेला अर्ज

आमच्या मुलीने यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. प्रवेश पक्का झाला, फी भरली, पावती घरी आली. ती फाइलला लावताना मी सवयीने नाव वाचलं, तर तिथे VAISHNAVI ऐवजी VAISHANVI. एन आणि ए यांनी आपसात जागा बदलल्या होत्या. मुलीला दाखवलं, तर तिलाही पहिल्यांदा काही दिसलं नाही. ‘बरोबर तर आहे की गं आई,’ म्हणाली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लावलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

मी एका पतसंस्थेत आवक-जावक आणि खातेदारांच्या केवायसीचं काम बघते. नावातल्या एका अक्षरापायी ठेवीची रक्कम वारसाला मिळायला किती हेलपाटे पडतात, हे रोज डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे ‘परीक्षेच्या वेळी बघू’ हा सल्ला मला पटण्यातला नव्हता. कॉलेजच्या पोर्टलवर जे नाव असतं तेच पुढे परीक्षा अर्जात, तिथून हॉल तिकिटावर, गुणपत्रिकेवर आणि शेवटी पदवी प्रमाणपत्रावर उतरतं. मधे कोणी बसून नव्याने नाव टाइप करत नाही. म्हणजे चूक जितकी वरच्या टप्प्यावर धरावी, तितके खालचे कागद कमी बिघडतात.

अर्ज लिहायच्या आधी चूक नक्की कुठे बसली आहे, ते शोधलं. पावतीवर चुकलेलं नाव फक्त पावतीपुरतंही असू शकतं. तसं असेल तर काउंटरवर नवी पावती मागून काम भागतं. म्हणून तिच्या लॉगिनमधून तीन प्रिंट काढल्या. पहिली तिने मोबाइलवरून फॉर्म भरला त्या दिवशीची, दुसरी कॉलेजने कागदपत्रं तपासून प्रवेश पक्का केल्यानंतरची आणि तिसरी फीच्या पावतीची. पहिल्या प्रिंटवर नाव बरोबर होतं. दुसरीवर गंमत होती. वर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे वेगवेगळे रकाने होते आणि त्यांत सगळं व्यवस्थित होतं. पण खाली ‘गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव’ असा आणखी एक रकाना होता. पहिल्या प्रिंटमध्ये तो मोकळा होता, दुसरीत तो भरलेला होता आणि त्यातच ती अदलाबदल झाली होती. पावतीवर आलेलं नाव याच रकान्यातलं.

म्हणजे पोर्टल एकच नाव दोन ठिकाणी साठवत होतं. एक विद्यार्थ्याने तुकड्यातुकड्यांनी भरलेलं आणि दुसरं कागदपत्रं तपासताना कॉलेजच्या बाजूने गुणपत्रिका बघून टाइप केलेलं. पडद्यावर विद्यार्थ्याची माहिती उघडली की पहिलं दिसतं, छापील कागदावर मात्र दुसरं येतं. ज्यांच्या मुलांच्या बाबतीत असं काही झालं असेल, त्यांनी पडद्यावर विसंबू नये. प्रिंट काढूनच बघावं.

हे कळलेलं असल्याचा उपयोग लगेच झाला. कॉलेजच्या कार्यालयात खिडकीवरच्या मुलाने अर्ज क्रमांक टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, ‘मॅडम, नाव तर बरोबर आहे.’ त्याचं खोटं नव्हतं. त्याच्यापुढे वरचे रकाने होते. मी त्याला पान खाली सरकवायला सांगितलं. त्याने तो रकाना पाहिला, पुन्हा पाहिला, मग पावती हातात घेतली आणि आत भाऊसाहेबांकडे गेला. आमच्याकडे कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात. ते बाहेर आले आणि म्हणाले, ‘ताई, हे आमच्या लॉगिनला आता उघडत नाही. प्रवेश पक्का झाला की तो रकाना बंद होतो. विद्यापीठाकडून करून घ्यावं लागेल. मुलीचा लेखी अर्ज द्या, आम्ही पुढे पाठवतो.’

मुलीने त्याच दिवशी तिथल्या बाकावर बसून अर्ज लिहिला. दहावीच्या पत्रलेखनाचा सराव ताजा असल्यासारखा. ‘माननीय प्राचार्य महोदय, मी आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून पोर्टलवर माझे नाव चुकीचे आले आहे. तरी ते वैष्णवी असे दुरुस्त करून मिळावे, ही नम्र विनंती.’ अक्षर सुंदर, भाषा शुद्ध. भाऊसाहेबांनी वाचलं आणि सरळ विचारलं, ‘पण बाळ, आत्ता काय आलंय?’

प्रश्न रास्त होता. मराठीत लिहिलेल्या त्या अर्जात चूक कुठे दिसतच नव्हती. चूक होती रोमन लिपीतल्या दोन अक्षरांत आणि अर्ज देवनागरीत. विद्यापीठात बसलेल्या ज्या माणसाने तो वाचायचा, त्याला वैष्णवीचं वैष्णवी करायचं आहे एवढंच समजलं असतं. मी म्हटलं, भाऊसाहेब, उद्या नीट लिहून आणते. कागद परत घेतला.

घरी आल्यावर दोघींनी मिळून नवा अर्ज तयार केला. एका पानाच्या पुढे जायचं नाही, हे आधीच ठरवलं. तो अर्ज खाली देते आहे. आडनाव आणि क्रमांक काढून टाकले आहेत.

दिनांक : …

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव व गाव)
(प्रवेश व पात्रता विभागासाठी)

विषय : ऑनलाइन प्रवेश नोंदीत माझ्या पहिल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : प्रवेश अर्ज क्रमांक …, फी पावती क्रमांक …, वर्ग – प्रथम वर्ष बी.एस्सी., तुकडी …, हजेरी क्रमांक …

महोदय,

मी या महाविद्यालयात वरील वर्गात प्रवेश घेतला आहे. पोर्टलवरील ‘गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव’ या रकान्यात माझ्या पहिल्या नावाच्या स्पेलिंगमध्ये तफावत आहे. तपशील असा :

सध्याची नोंद : VAISHANVI (V-A-I-S-H-A-N-V-I)
योग्य नोंद : VAISHNAVI (V-A-I-S-H-N-A-V-I)
फरक : सहावे व सातवे अक्षर. NA ऐवजी AN झाले आहे.

आडनाव, वडिलांचे नाव, आईचे नाव व जन्मतारीख या नोंदी बरोबर असून त्यांत कोणताही बदल नको आहे.

माझ्या दहावी व बारावीच्या मूळ गुणपत्रिकांवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर VAISHNAVI असेच स्पेलिंग आहे. फी पावतीवर मात्र सध्याच्या नोंदीतील स्पेलिंग छापून आले आहे. परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी ही दुरुस्ती व्हावी, यासाठी माझा अर्ज आपल्या शिफारशीसह विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे पाठवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(विद्यार्थिनीची सही, पूर्ण नाव मराठीत व इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मोबाइल क्रमांक)
(पालकाची सही)

सोबत : 1) दहावीची गुणपत्रिका 2) बारावीची मूळ गुणपत्रिका 3) शाळा सोडल्याचा दाखला 4) प्रवेश अर्जाची प्रिंट, तफावतीवर खूण केलेली 5) फी पावती. सर्व प्रती स्वयंसाक्षांकित.

यातल्या काही ओळींवर आमच्या घरात बरीच चर्चा झाली, ती सांगण्यासारखी आहे.

अक्षरं तोडून, मधे रेघा देऊन लिहायची सवय मला पतसंस्थेत लागली. VAISHANVI आणि VAISHNAVI एकाखाली एक ठेवले तरी घाईतला डोळा दोन्ही सारखेच वाचतो, कारण आपण ओळखीचा शब्द अक्षरशः वाचतच नाही, ओळखतो. रेघा टाकल्या की थांबावं लागतं. ‘सहावे व सातवे अक्षर’ ही ओळ मुलीला जास्तीची वाटत होती, पण पुढे तीच सर्वांत उपयोगी पडली. विद्यापीठाकडे जो शेरा गेला त्यात भाऊसाहेबांनी ती जशीच्या तशी उतरवली होती.

‘आडनाव, वडिलांचे नाव… कोणताही बदल नको’ ही ओळ मी आग्रहाने घातली. दुरुस्तीसाठी रकाना उघडतो तेव्हा पूर्ण नावाचा रकाना उघडतो आणि बरोबर असलेलं आडनावही पुन्हा टाइप होतं. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडण्याची जागा तीच.

चूक कोणाची, हे अर्जात कुठेही लिहिलं नाही. मुलगी चिडलेली होती. तिचं म्हणणं, ‘मी बरोबर भरलं होतं, त्यांनी चुकवलं, ते लिही.’ पहिली प्रिंट पुरावा म्हणून हाताशी होतीच. पण हा अर्ज प्राचार्यांच्या शिफारशीने वर जाणार होता. ‘आपल्या कार्यालयाच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलेला कागद स्वतःच्या सहीने पुढे पाठवायला कोणत्या प्राचार्यांचा हात धजावेल? मग आधी खुलासे मागवले जातात आणि कागद टेबलावर राहतो. ‘तफावत’ हा शब्द अशा वेळी फार सोयीचा. तो कोणाकडेच बोट दाखवत नाही आणि काम मात्र तेवढंच होतं. पहिली प्रिंट मी जोडलीही नाही, नुसती जवळ ठेवली. कोणी म्हणालं असतं की मुलीनेच चुकीचं भरलं म्हणून दंड भरा, तर काढली असती.

अर्ज मुलीच्या नावाने, सही मुलीची. नोंद तिची आहे, ती सज्ञान आहे आणि पोर्टलवर नमुना सहीसुद्धा तिचीच आहे. माझी सही पालक म्हणून फक्त खाली. पालकाने परस्पर दिलेला अर्ज परत आल्याचं माझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

आता कागदपत्रांचं. अर्जाला काय जोडायचं, यापेक्षा काय जोडायचं नाही, हे ठरवायला आम्हाला जास्त वेळ लागला. सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि प्रत्येकावरचं नाव एका कोऱ्या पानावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. दहावी, बारावी आणि दाखला यांवर सगळं जुळत होतं. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. तो क्रमही पोर्टलच्या त्या रकान्यात तसाच होता. आधार कार्डावर मुलीचं नाव बरोबर होतं, पण तिच्या वडिलांचं नाव तिथे DATTATRAY होतं आणि गुणपत्रिकेवर DATTATRAYA. शेवटच्या एका ए चा फरक. इतकी वर्षं कोणाच्या नजरेत न आलेला.

आधार जोडलं असतं तर काय झालं असतं? वाचणाऱ्याला एका तफावतीच्या अर्जात दुसरी तफावत सापडली असती आणि ‘कागदपत्रांमध्ये एकवाक्यता नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला असता. विद्यापीठाला नावासाठी आधार लागतही नाही. त्यांचा आधार म्हणजे शेवटच्या बोर्ड परीक्षेची गुणपत्रिका. त्यामुळे आधार घरीच ठेवलं. अर्थात ती तफावत मिटवायची आहेच, पण ते आधार केंद्राचं काम, कॉलेजचं नव्हे. दोन कामं एका अर्जात घालू नयेत.

या तपासणीत आणखी एक गोष्ट कळते. समजा दहावीच्या गुणपत्रिकेवरच नाव चुकलेलं असतं, तर कॉलेजला अर्ज करून काहीही झालं नसतं. कॉलेज गुणपत्रिकेच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मग शाळेकडे जायचं, जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा, आणि शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा. तो रस्ता लांबचा. आमच्या नशिबाने चूक फक्त पोर्टलवर होती.

तहसीलसमोर झेरॉक्स काढताना शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ऐकलं आणि सल्ला दिला, ‘ताई, स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि राजपत्रात देऊन टाका, कायमचं मिटेल.’ त्यांचा धंदा तो. राजपत्रातली जाहिरात नाव बदलणाऱ्यासाठी असते. आमची मुलगी नाव बदलत नव्हती, टाइप करणाऱ्याच्या बोटाखाली ते बदललं होतं. उलट राजपत्र केलं असतं तर VAISHANVI हे तिचं जुनं नाव होतं असं आम्हीच कागदावर मान्य केलं असतं. कॉलेजने प्रतिज्ञापत्र मागितलं नव्हतं, म्हणून तेही केलं नाही. प्रतींवर मुलीने स्वतः ‘मूळ प्रतीबरहुकूम’ लिहून सह्या केल्या. तेवढं चाललं.

अर्ज देताना दोन प्रती नेल्या. खिडकीवरच्या मुलाने एक घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. मी दुसरी पुढे केली, म्हटलं, पोच द्या. तो म्हणाला, ‘मॅडम, आम्ही हरवत नाही हो.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे. मीही तुमच्यासारखीच खिडकीच्या आतली आहे. पण आवक क्रमांक असला की तुम्हालाही शोधायला सोपं जाईल.’ तो हसला आणि शिक्का शोधायला लागला. शिक्का मारला, आवक क्रमांक, तारीख, आद्याक्षरं. हा क्रमांक म्हणजे पुढच्या सगळ्या बोलण्याची किल्ली. ‘त्या अर्जाचं काय झालं?’ विचारलं तर कोणता अर्ज, इथून सुरुवात होते. क्रमांक सांगितला की रजिस्टरचं पान उघडतं.

पुढचा प्रवास कार्यालयाच्या आत. भाऊसाहेबांनी मला तो समजावून सांगितला, म्हणून लिहिते. अर्जावर प्राचार्यांचा ‘शिफारस’ असा शेरा आणि सही होते. मग कॉलेजच्या लॉगिनमधून दुरुस्तीची मागणी नोंदवायची, त्यात जुनी नोंद, नवी नोंद आणि कारण भरायचं, अर्ज आणि गुणपत्रिका स्कॅन करून जोडायच्या. ते विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे जातं. तिथला माणूस गुणपत्रिकेशी ताडून मंजूर करतो किंवा शेरा मारून परत पाठवतो. कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे पीआरएन म्हणतात, तो पडायच्या आधी हे होणं चांगलं. तो पडला की त्या क्रमांकाशी नाव बांधलं जातं, दुरुस्तीला जास्त टप्पे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी शुल्कही.

हे ऐकून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. अर्जावर ‘मा. प्राचार्य’ लिहिलेलं असलं तरी त्याचा खरा वाचक विद्यापीठातला तो अनोळखी माणूस आहे. त्याने मुलीला पाहिलेलं नाही, आमचं काउंटरवरचं बोलणं ऐकलेलं नाही. त्याच्यापुढे फक्त दोन स्कॅन असतात. त्यांतूनच त्याला कळायला हवं.

आणि नेमकी तिथेच एकदा गाडी अडली. मागणी परत आली. शेरा होता : ‘बारावीची मूळ गुणपत्रिका जोडावी.’ आम्ही मूळ गुणपत्रिकेची प्रत जोडली होती, मग हे कसं? भाऊसाहेबांनी फाइल काढली तेव्हा उलगडा झाला. स्कॅन करणाऱ्याने आमच्या अर्जामागची प्रत न घेता प्रवेशाच्या फाइलमधली घेतली होती. प्रवेशाच्या वेळी निकाल नुकताच लागलेला असतो, गुणपत्रिका शाळेत यायच्या असतात, म्हणून मुलं इंटरनेटवरून काढलेली निकालाची प्रत लावतात आणि मूळ नंतर दाखवतात. फाइलमध्ये तीच राहून गेली होती. तिच्यावर ना मंडळाचा शिक्का, ना गुणपत्रिकेचा अनुक्रमांक. विद्यापीठातल्या माणसाने ती नाकारली, यात त्याचं काही चुकलं नाही. भाऊसाहेबांनी लगेच मूळ गुणपत्रिका मागितली, आमच्यासमोर रंगीत स्कॅन केली आणि मागणी पुन्हा पाठवली. अर्ज नव्याने द्यावा लागला नाही, कारण आवक क्रमांक तोच होता.

हे चालू असतानाच परीक्षा अर्जाची तारीख आली. मुलगी घाबरली. परीक्षा अर्ज उघडला की नाव आपोआप येतं, ते हाताने बदलता येत नाही, आणि तिथे VAISHANVI च दिसत होतं. वर्गातल्या मुलींनी सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत भरू नकोस, नाहीतर तेच नाव कायम होईल. मी भाऊसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘अजिबात थांबू नका. नाव नंतर बदलता येतं, अर्जाची तारीख गेली तर विलंब शुल्क, आणि तीही गेली तर सत्र गेलं.’ अर्ज भरला, फी भरली. त्याची प्रिंट घेऊन एक छोटा, चार ओळींचा अर्ज आणखी दिला : आवक क्रमांक अमुकनुसार नावाची दुरुस्ती प्रलंबित आहे, परीक्षा अर्ज जुन्या नोंदीप्रमाणे मुदतीत भरला आहे, दुरुस्ती झाल्यावर परीक्षा विभागाच्या नोंदीतही ती घ्यावी. याचीही पोच घेतली.

हा दुसरा अर्ज पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरला. थोड्या दिवसांनी पात्रता विभागाने दुरुस्ती मंजूर केली. मुलीने मोबाइलवर बघितलं, त्या रकान्यात VAISHNAVI आलं होतं. ती नाचलीच. पण मी परीक्षा अर्जाची प्रिंट पुन्हा काढायला लावली, आणि तिच्यावर जुनंच स्पेलिंग. परीक्षा अर्ज भरला त्या क्षणी नावाची जी प्रत उचलली गेली, ती तशीच तिथे राहिली होती. वर बदल झाला तरी खाली तो आपोआप झिरपत नाही. मग दुसऱ्या अर्जाच्या पोचेसह कॉलेजच्या परीक्षा विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी सांगितलं की हॉल तिकिटं तयार व्हायच्या आधी कॉलेजकडे विद्यार्थ्यांची यादी तपासायला येते, त्या यादीत दुरुस्ती सुचवता येते. त्यांनी आमच्या अर्जाची प्रत त्या यादीच्या फोल्डरला टाचली. हॉल तिकीट आलं ते बरोबर नावाने. यादी तपासायच्या त्या दिवसांत आमचा कागद समोर नसता, तर ते नाव तसंच छापलं गेलं असतं.

दुरुस्ती झाली याची खात्री मी पुढीलप्रमाणे केली. पडद्यावरचं नाव बघून नाही, तर फीची पावती नव्याने डाउनलोड करून, कॉलेजकडून एक बोनाफाईड प्रमाणपत्र मागून आणि हॉल तिकिटावरून. पावती बदलून आली. बोनाफाईडही बरोबर आलं. ते बसच्या पाससाठी लागणारच होतं. राहता राहिलं श्रेयांक खातं. पहिल्या वर्षाच्या मुलांना अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे आता अपार म्हणतात ते 12 अंकी क्रमांकाचं खातं जोडावं लागतं. हे खातं डिजीलॉकरमधून, आधारवरच्या नावाने निघतं. तिथे वडिलांच्या नावातला तो शेवटचा ए पुन्हा भेटणार, हे आम्हाला टेबलावर कागद पसरले तेव्हाच कळलं होतं. त्यासाठी आधार केंद्रावर गुणपत्रिका आणि दाखला घेऊन जाऊन आलो. ते अपडेट झालं, मगच खातं जोडलं.

ओळखपत्राचं कंत्राट बाहेरच्या माणसाकडे असल्याने नवं कार्ड मागणीनुसार, पैसे भरून मिळतं म्हणाले. मुलीने घेतलं. जुनं तिथेच कापून टाकायला लावलं.

सगळ्यात शेवटी ग्रंथालय. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वेगळं, ते पोर्टलशी जोडलेलं नाही, पण प्रवेशाच्या वेळच्या यादीवरून भरलेलं. तिथेही जुनंच नाव होतं. मी पर्समधून अर्जाची प्रत, पोच, गुणपत्रिका असा सगळा गठ्ठा काढला. ग्रंथपाल बाईंनी तो हाताने बाजूला सारला, कीबोर्ड जवळ ओढला आणि म्हणाल्या, ‘सांग बाळ, स्पेलिंग सांग.’ मुलीने एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी टाइप केलं, स्क्रीन तिच्याकडे वळवली. ‘बघून घे.’ तिने बघितलं, हो म्हणाली, आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.